चोरवाटेचा नकाशा : चोरीचा वा पलायनाचा प्रसंग कागदावर कसा मांडावा

पटकथा लिहू लागलेल्या वाचकांची जी पत्रे येतात त्यांत एक तक्रार इतक्या नियमाने आढळते की तिला स्वतंत्र उत्तर देणे आता क्रमप्राप्तच झाले आहे. चोरीचा किंवा कैदेतून निसटण्याचा प्रसंग लिहिताना लेखकाच्या डोळ्यांपुढे इमारतीचा कोपरा न् कोपरा स्वच्छ उभा असतो, कोणते दार कोणीकडे उघडते आणि शिपाई कोठे बसतो हे त्याला झोपेतही सांगता येते, आणि तरीही बाड वाचणारा मनुष्य ऐन रंगात आलेल्या पानावर थबकून विचारतो, "हा आता आत आहे की बाहेर?" हा प्रश्न आला की प्रसंग बुडालाच. भीती वाटायची तर धोका कोठून येणार आणि सुटायचे तर कोठे पोहोचायचे, हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असावे लागते. ते नसेल तर त्याला केवळ धावपळ दिसते.

यावर बहुतेक लेखक एकच उपाय करतात : वर्णन वाढवितात. त्याने गोंधळ कमी होत नाही, उलट वाढतो. खाली सांगितलेला मार्ग निराळा आहे. विवेचनासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून दाखविला आहे, आणि जेथे गरज पडली तेथे जुन्या, प्रसिद्ध चित्रपटांचे दाखले दिले आहेत.

स्थळ आणि बेत यांची फारकत

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. चोरीच्या प्रसंगात प्रेक्षकाला सांगण्याजोग्या गोष्टी दोन असतात, एक स्थळ आणि दुसरी बेत. बेत लपविण्याची आपल्याला पूर्ण मुभा आहे. किंबहुना या प्रकारच्या चित्रपटांचा एक जुना संकेतच आहे की, जो बेत आधी सविस्तर सांगितला जातो तो फसतो आणि जो तडीस जायचा असतो तो सांगितला जात नाही; कारण सांगितलेला बेत सांगितल्याप्रमाणेच पार पडला तर प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा पाहावी लागते. स्थळाच्या बाबतीत मात्र ही मुभा नाही. नवे लेखक रहस्य राखण्याच्या भरात बेताबरोबर स्थळही झाकून ठेवतात, आणि आयत्या वेळी एखादे भुयार, एखादी माडी, एखादी मागची खिडकी उघडी करतात. त्याने प्रेक्षक चकित होत नाही, त्याला फसविले गेल्यासारखे वाटते.

ज्यूल्स दासाँ या दिग्दर्शकाचा 'रिफिफी' हा 1955 सालचा फ्रेंच चित्रपट या दृष्टीने अवश्य पाहावा. पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानावर चौघे दरोडा घालतात, आणि जवळजवळ अर्धा तास चालणाऱ्या या प्रसंगात ना संवाद आहे ना पार्श्वसंगीत. तरीही एका क्षणासाठीसुद्धा प्रेक्षक वाट चुकत नाही, कारण तेथे भूगोल म्हणण्यासारखे जवळपास काहीच नाही : वर एक बिऱ्हाड, खाली दुकान आणि मध्ये एक तक्तपोशी. धोक्याची घंटा जराशा हादऱ्यानेही वाजते, हे त्या टोळीने आधीच तशीच घंटा आणून अजमावलेले आपण पाहिलेले असते. म्हणून जमिनीला लहानसे भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडली जाते, ती खाली उघडते आणि पडणारा चुना तिच्यात झेलला जातो, तेव्हा छत्रीचे प्रयोजन कोणी समजावून द्यावे लागत नाही. स्थळ जितके थोडे तितकी युक्तीला मोकळीक अधिक, असा या प्रसंगाचा हिशेब आहे.

आधी नकाशा, मग कथा

आता आपला प्रसंग. काळ 1960च्या आसपासचा धरू. एका कुळाचा मूळ अर्ज तालुक्याच्या कचेरीतील दप्तरखान्यात आहे, आणि जमीनमालकाने कारकुनाला वश करून तो उद्या दुपारपर्यंत नाहीसा करण्याची तजवीज केली आहे. म्हणून कुळाची मुलगी कुसुम आणि तिचा चुलता बापू, पूर्वी त्याच कचेरीत शिपाई असलेला, तो कागद आज रात्रीच तेथून काढावयाचे ठरवितात. दप्तरखान्याच्या कुलपाची किल्ली बापूकडे कशी राहिली ही वेगळी हकिगत आहे.

कथेचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर कचेरी काढावी. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. चार रेघा पुरेत. आमची कचेरी चौसोपी आहे. पुढच्या बाजूला रस्ता आणि रस्त्यावर उघडणारी देवडी, मागच्या बाजूला सोपा आणि त्यापलीकडे परड्यातली चिंच, मध्ये मोकळा चौक. चौकाच्या एका अंगाला खजिना, त्याच्या दारात सशस्त्र पहारेकरी; दुसऱ्या अंगाला, त्याच्या बरोबर समोर, पण मागल्या सोप्याच्या बाजूला झुकलेले, दप्तरखान्याचे दार. देवडीत तास टांगलेला आहे आणि पहारेकरी दर तासाला तेथे जाऊन टोल देतो.

या नकाशाला पुढील कसोट्या लावाव्यात :

- ठिकाणे पाचांहून अधिक नसावीत. देवडी, खजिना, दप्तरखाना, मागला सोपा आणि चिंच, एवढी आमची पाच झाली. चौक हे ठिकाण नव्हे, तो ओलांडावयाचा धोका आहे.
- प्रत्येक ठिकाणाला एकच, छोटे आणि एकमेकांशी न मिळणारे नाव असावे, आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बदलू नये. एकदा 'दप्तरखाना' म्हटल्यावर पुढे 'अभिलेख कक्ष' म्हणू नये.
- पूर्व, पश्चिम, उजवे, डावे हे शब्द बाडातून काढून टाकावेत. उजवे कोणाचे, हा वाद तेथेच सुरू होतो. त्याऐवजी 'रस्त्याकडे' आणि 'चिंचेकडे' अशी दोन टोके धरावीत. रस्त्याकडे धोका आणि चिंचेकडे सुटका, एवढेच प्रेक्षकाच्या मनात बसले की काम झाले.
- प्रत्येक ठिकाणाशी एकच अडचण जोडलेली असावी. खजिन्याशी पहारेकऱ्याची नजर, दप्तरखान्याशी कुलूप, देवडीशी टोल.

नावांचे महत्त्व किती असते याचा एक खरा दाखला येथे देण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या सागान येथील छावणीतून 24 मार्च 1944च्या रात्री जे प्रसिद्ध पलायन झाले, त्यासाठी युद्धकैद्यांनी खणलेल्या तीन भुयारांना 'टॉम', 'डिक' आणि 'हॅरी' अशी साधी नावे होती; आणि ज्या हॅरीमधून 76 कैदी प्रत्यक्ष बाहेर पडले त्या सुमारे 100 मीटर लांबीच्या भुयारात गाडी बदलण्याच्या ज्या दोन जागा होत्या त्यांना त्यांनी 'पिकॅडिली' आणि 'लेस्टर स्क्वेअर' अशी लंडनमधील ठिकाणांची नावे दिली होती. जमिनीखाली नऊ मीटरांवर, अंधारात, पोटावर सरपटणाऱ्या माणसाला आपण नेमके कोठे आहोत हे एका शब्दात कळावे ही त्यांची निकड होती. आपल्या प्रेक्षकाचीही निकड तीच आहे.

दिवसाची फेरी

नकाशा आपल्याजवळ झाला. तो प्रेक्षकाच्या डोक्यात कसा उतरवावा? सर्वांत खात्रीचा मार्ग असा की, रात्री ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने पात्राला दिवसा, निराळ्याच कामासाठी, निर्धास्तपणे हिंडवावे. टेबलावर नकाशा पसरून त्यावर बोट फिरविण्याचा प्रकार आपण शेकडो चित्रपटांत पाहिला आहे. तो चालतो, परंतु प्रेक्षक नकाशा पाहत नाही, बोट फिरविणाऱ्याचा चेहरा पाहतो. चाललेली वाट मात्र त्याच्या लक्षात राहते.

आमच्या प्रसंगात कुसुम दिवसा कचेरीत नक्कल मागायला येते. देवडीतून आत शिरते. कारकून म्हणतो, थांबा. ती चौकाच्या कडेला बसते. पहारेकरी खजिन्याच्या दारातून उठतो, देवडीकडे जातो, चौकाकडे पाठ करून अकरा टोल देतो. कुसुम सावकाश मोजते, कारण तिला दुसरे काम नाही. तहान लागते म्हणून मागल्या सोप्यातल्या माठाकडे जाते, तेथील उघड्या दारातून परड्यातली चिंच दिसते. परत येऊन बसते. बारा टोल पडतात. कारकून दप्तरखान्याचे दार नुसते लोटून, चौक ओलांडून, खजिन्याकडे मुद्रांक आणावयास जातो. तेवढ्या वेळात दोन पक्षकार दाराशी रेंगाळतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. शेवटी एकाचा टोल पडतो. कारकून त्या एका टोलाचा नाद विरायच्या आत कुलूप लावतो आणि म्हणतो, जेवणाची सुट्टी, उद्या या.

हा प्रसंग बाडात तीन पानांचा असावा, म्हणजे ढोबळ हिशेबाने पडद्यावर तीन मिनिटांचा. कोणालाही हा चोरीच्या तयारीचा प्रसंग वाटता कामा नये. सरकारी दिरंगाईचा वाटावा. पाचही ठिकाणे त्यात आली आहेत, आणि टोलांच्या संख्येप्रमाणे पहारेकऱ्याची पाठ कमीअधिक वेळ फिरते ही सर्वांत मोलाची गोष्ट न बोलता पेरली गेली आहे. दार लोटून जाणारा कारकूनही विसरू नये; तो पुढे उपयोगी पडणार आहे.

सेकंदांचा हिशेब

आता कागदाला तीन उभे रकाने पाडावेत : पहारेकरी, बापू, कुसुम. प्रेक्षकाला हे वेळापत्रक कधीच दिसणार नाही, पण आपल्याजवळ ते नसेल तर दोन पात्रे एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचे आपल्या ध्यानातही येणार नाही.

पहारेकरी खजिन्याच्या दारातून तासापर्यंत आठ सेकंदांत पोहोचतो, आणि एका टोलाला दोन सेकंद लागतात असे धरू. त्याची पाठ फिरलेली असते ती इतकाच वेळ. परतताना त्याचे तोंड चौकाकडे असते. बापूला मागल्या सोप्यातून दाराशी यायला पाच सेकंद, कुलूप काढायला सहा, कुसुमला आत शिरायला तीन, पुन्हा कुलूप लावायला सहा, सोप्यात परतायला पाच, एकूण पंचवीस. बाहेर काढण्याचा हिशेबही तोच. कुलूप पुन्हा लावलेच पाहिजे, कारण पहारेकऱ्याच्या समोरच ते लटकत असते.

यावरून पुढील गोष्टी आपोआप ठरतात :

- रात्री अकराला पाठ तीस सेकंद फिरलेली असते. कुसुम आत जाते.
- बाराला बत्तीस सेकंद. ती बाहेर यावयाची.
- एकाला अवघे दहा. त्यात बापू दाराशी पोहोचेल, पण कुलूप काढूनही होणार नाही. बाकीचे सारे पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत.

आणि दोनाला बारा, तीनाला चौदा. म्हणजे बाराची संधी हुकली तर रात्रभर दुसरी नाही. पंचवीस सेकंद पुन्हा मिळतात ते सकाळी नऊला, ज्या वेळी कचेरी जागी झालेली असते. हे आकडे संवादात घालण्याचा मोह आवरावा. प्रेक्षकाला अचूक गणित नको असते. दिवसा त्याने बारा टोल आणि एक टोल ऐकलेले आहेत. तेवढ्या बळावर तो स्वतःच हिशेब करतो, आणि स्वतः केलेल्या हिशेबावर माणसाचा जितका विश्वास बसतो तितका ऐकलेल्यावर बसत नाही.

दृश्याची पहिली ओळ

प्रत्यक्ष रात्रीचा प्रसंग लिहिताना आपण तीन ठिकाणांमध्ये जाऊन-येऊन असणार, आणि घोळ येथेच होतो. नेहमी पुढ्यात येणारा मजकूर असा असतो :

> दप्तरखाना. आत. रात्र. कुसुम घाईघाईने कागद चाळते. तिच्या कपाळावर घाम. तेवढ्यात आवाज होतो. ती दचकते.

आवाज कसला, कोठून, आणि दचकून ती कोणीकडे पाहते, यातले काहीच कळत नाही. हाच मजकूर असा लिहावा :

> दप्तरखाना. आत. रात्र. बंद दाराच्या फटीतून खजिन्याच्या कंदिलाचा उजेड जमिनीवर पट्टीसारखा पडला आहे. त्या पट्टीत बसून कुसुम रुमालाची गाठ सोडते. पट्टी मध्येच झाकली जाते. फटीपलीकडे कोणी आडवे गेले. पट्टी पुन्हा उजळते. दूर, देवडीतून, पहिला टोल.

दुसऱ्या मजकुरात शब्द अधिक आहेत, पण वर्णन अधिक नाही. आहे तो संबंध. पात्र जेथे आहे तेथून ओळखीच्या दुसऱ्या ठिकाणाची काहीतरी खूण, उजेड, सावली वा आवाज, पहिल्या एकदोन ओळींतच यावी. दप्तरखान्यात खजिन्याचा उजेड दिसावा, मागल्या सोप्यात चिंचेची सळसळ यावी, आणि टोल सर्वत्र ऐकू यावा, परंतु देवडीत कान फोडणारा आणि चिंचेपाशी जेमतेम पोहोचणारा. दिग्दर्शकाला कॅमेरा कोठे ठेवायचा हे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. खूण मात्र आपण दिली तर तो ती दाखविल्याशिवाय राहणार नाही.

आवाजाची ही किमया पाहावयाची तर रोबेर ब्रेसाँचा 1956चा 'ए मॅन एस्केप्ड' पाहावा. लियाँ शहरातील माँल्यूक तुरुंगातून 1943 साली निसटलेल्या आंद्रे देविन्यी यांच्या अनुभवावर तो आधारलेला आहे. तुरुंगाचा संपूर्ण आराखडा आपल्याला क्वचितच दिसतो. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पहारेकऱ्याची किल्ली खडखडत जाते, बाहेर आगगाडी जाते, आणि त्यावरून कोठडीतल्या माणसाबरोबर आपणही जागा जोखू लागतो. अखेरीस दोन भिंतींच्या मध्ये कसलीतरी कुरकुर सतत ऐकू येते आणि तिचा उलगडा होत नाही. पाहिल्यावर कळते की पहारेकरी सायकलवरून फेऱ्या घालीत आहे. अनोळखी आवाज प्रथम, त्याचा उगम नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बेत फसतो तेव्हा

बेत फसविताना नवे संकट बाहेरून आणू नये. ओळखीच्या जागेचेच एखादे माप चुकवावे. सागानच्या पलायनात नेमके हेच प्रत्यक्षात घडले. भुयाराचे तोंड जंगलात उघडायचे होते, ते झाडांच्या अलीकडे, मोकळ्या जागेत उघडले. जॉन स्टर्जेस यांच्या 1963च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटात हा क्षण आला की प्रेक्षक सुन्न होतो, कारण कुंपण, पहारा आणि झाडी या तिन्हींची जागा त्याला अगोदरच ठाऊक झालेली असते. कमी पडलेले अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. मग दोर सोडून इशारा देण्याची युक्ती निघते, आणि तीही लगेच उमगते.

आमच्या प्रसंगात कुसुमच्या गावच्या लाल रुमालात कागद सापडत नाही, कारण कारकुनाने तो शेजारच्या गावच्या रुमालात सरकवून ठेवला आहे. ती दुसरा रुमाल सोडते तोच बाराचे टोल सुरू होतात. येथे दृश्ये आलटून पालटून घ्यावीत : पहारेकऱ्याचा हात, सोप्यात उठून उभा राहिलेला बापू, रुमालाची गाठ. बापू कुलूप काढतो, दार बोटभर उघडते. ती येत नाही. सहावा टोल, सातवा. तो दार लोटतो, पुन्हा कुलूप घालतो, सोप्यात परततो. बाराव्या टोलाबरोबर कागद तिच्या हाती लागलेला आहे आणि दार बंद झालेले आहे. आता पुढचा टोल एकच, हे प्रेक्षकाला कळलेले असते. कुसुमने ते बोलून दाखवू नये.

सुटकाही पेरलेल्या गोष्टीतूनच काढावी. कुसुम रात्रभर रुमालांच्या उतरंडीमागे बसून राहते. सकाळी कारकून कुलूप काढतो, आत येऊन बसतो, आणि पुढे, आपण दिवसा पाहिले होते तसाच, दार नुसते लोटून मुद्रांक आणावयास चौक ओलांडतो. दाराशी पक्षकार रेंगाळत आहेत. ती त्यांच्यात येऊन उभी राहते, आणि नक्कल मागायला आलेल्या बाईसारखी रांगेत थांबते. तिने चिंचेकडे जाऊ नये, देवडीतून, पहारेकऱ्याच्या समोरून, रस्त्यावर जावे. आतापर्यंत धोक्याचे मानलेले टोक शेवटी सुटकेचे ठरले की एवढा भूगोल शिकवल्याचे सार्थक होते.

जागेचा हा उलट उपयोग जाक बेकरच्या 1960च्या 'ल त्रू' या चित्रपटातही आहे, त्याचा शेवट ज्यांना कळायला नको असेल त्यांनी पुढची तीन वाक्ये गाळावीत. पॅरिसच्या सांते तुरुंगातील कैदी टूथब्रशच्या दांडीला आरशाचा तुकडा बांधून तो दाराच्या छिद्रातून बाहेर काढतात आणि तेवढ्याने बाहेरच्या बोळावर नजर ठेवतात. अनेकदा तो बोळ रिकामा दिसतो. शेवटी त्याच आरशात तो पहारेकऱ्यांनी भरलेला दिसतो.

नेहमीच्या चुका

- एकसारख्या दोन खोल्या. दोन दारे, दोन जिने, दोन गल्ल्या असतील तर एक काढून टाकावी. न निघाल्यास एकीत असे काही ठेवावे की चुकूनही घोटाळा होऊ नये.
- 'दरम्यान' हा शब्द. तो वेळ सांगतो, जागा सांगत नाही.
- अंधाराचा आसरा. "सर्वत्र काळोख" असे लिहिले की कॅमेऱ्याला दाखवायला काहीच उरत नाही. काळोख असावा, पण एका उजेडाच्या तुलनेने.
- दोनहून अधिक मजले. खाली-वरची चढउतार कागदावर सोपी वाटते, पडद्यावर मात्र दोन मजल्यांतले व्हरांडे सारखेच दिसतात.

लोकेशन बदलले तर

रेकीनंतर निर्माते बहुधा कळवितात की, चौसोपी कचेरी मिळत नाही, एकमजली जुनी शाळा आहे, तीत भागवावे लागेल. अशा वेळी हटून बसू नये आणि मुकाट्याने मान्यही करू नये. बाडाबरोबर एका पानावर, नकाशाच्या खाली, मोडता न येणारे संबंध लिहून द्यावेत. आमच्या प्रसंगात ते तीनच आहेत : दप्तरखान्याचे कुलूप पहारेकऱ्याच्या नजरेत असले पाहिजे, टोल देताना त्याची पाठ फिरली पाहिजे, आणि लपलेल्या बापूला ती फिरलेली पाठ दिसली पाहिजे. हे तीन शाळेत साधले तर देवडी, चौक आणि चिंच खुशाल जाऊ द्यावीत. न साधले तर सेकंदांचा हिशेब पुन्हा करावा लागेल, आणि त्यासाठी नवी जागा आपण स्वतः पाहून येणे जरूर आहे. रेकीला लेखकाला नेण्याची अट करारातच घालून ठेवावी.

नकाशाचे पान सुटे देऊ नये, बाडातच बांधावे. आपल्याकडील 1957च्या स्वामित्व हक्क कायद्यात पटकथा ही साहित्यकृती ठरते, तर नकाशा, आकृती वा आराखडा यांना कलाकृतीच्या व्याख्येत स्थान आहे. तेव्हा आपण स्वतः काढलेला आराखडाही आपल्या मालकीची वस्तू आहे. मात्र टोलांच्या आड चोरी करण्याची नुसती कल्पना कोणाच्याच मालकीची होत नाही, कायदा मांडणीचे रक्षण करतो, कल्पनेचे नव्हे. म्हणून तोंडी नरेशन देण्यापूर्वी प्रसंग पूर्ण लिहून, तारीख घालून, लेखकांच्या संघटनेकडे नोंदवावा.

वाचकाकडून परीक्षा

बाड निर्मात्याकडे जाण्यापूर्वी, चित्रपटाशी संबंध नसलेल्या एखाद्या मनुष्याला केवळ दिवसाची फेरी वाचावयास द्यावी. नकाशाचे पान काढून घ्यावे. वाचून झाल्यावर त्याला कोरा कागद देऊन कचेरी काढावयास सांगावे, आणि तो काढीत असता तोंडातून चकार शब्द काढू नये. त्याने खजिना आणि दप्तरखाना समोरासमोर काढले, तास देवडीत दाखविला आणि मागे चिंच काढली, तर रात्रीचा प्रसंग निर्धास्तपणे वाचावयास द्यावा. देवडी आणि मागला सोपा यांची अदलाबदल केली, तर आपण रस्त्याचा आवाज किंवा चिंचेची खूण एकदाच दिली असण्याचा संभव आहे. ती आणखी एकदा, निराळ्या निमित्ताने द्यावी. दप्तरखाना त्याने भलतीकडेच काढला तर कारकुनाचे चौक ओलांडणे पुरेसे ठळक झालेले नाही. आणि तास काढायचा तो विसरलाच, तर कुसुमने टोल मोजले नाहीत, ते नुसते पडले, असे समजून तेवढा परिच्छेद पुन्हा लिहावा. त्याच माणसाला दुसऱ्यांदा विचारू नये, त्याला आता जागा पाठ झालेली असते. नवा वाचक शोधावा, आणि या सर्वांनी काढलेले कागद दिग्दर्शकाबरोबरच्या पहिल्या बैठकीला आपल्या नकाशासोबत न्यावेत.